खिडकीतून आलेला चंद्र

डिक्शनरीवहिनींनी चहाचा कप ठेवला आणि घरात जाहीर केलं, की दुपारच्या आत कविता तयार! फ्रेंच त्या स्वतःच शिकल्या होत्या, भाजी परतता परतता. आज प्रकाशकबाईंनी परीक्षा म्हणून एकच फ्रेंच कविता मराठीत आणायला दिली होती. ती साधली तर अख्खा संग्रह मिळणार होता. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांना पहिल्यांदाच काम म्हणून काम देत होतं.

कविता साधी होती. परमुलखात नांदणाऱ्या मुलीच्या खिडकीतून चंद्र येतो, आईसारखा उशाशी बसतो. घोळ त्या ‘आईसारखा’तच होता. फ्रेंचमध्ये चंद्र म्हणजे ल्यून, आणि ल्यून बाई आहे. कवीने एकदा तिचं नाव घेतलं, ते शीर्षकात. पुढे सगळं ‘ती’वरच भागवलं. ‘ती आली’ लिहिताना क्रियापदाच्या शेवटी एक मुकं अक्षर चिकटतं, कानाला कळतही नाही. तिचा झगा म्हणायचं तर ‘तिचा’ हा शब्द झग्याचं लिंग घेतो, झगेवालीचं नाही. मराठीत मात्र झगा त्याचा की तिचा हे आधी कबूल करावं लागतं, आणि आला की आली हे तर चौकात ओरडून सांगावं लागतं.

आणि मराठीतला चंद्र पक्का पुरुष! वहिनींनी चांदणी घेऊन पाहिली, पण चांदणी म्हणजे तारका. चंद्रकोर घेतली, तर कवितेत तोंड गोल गरगरीत. पौर्णिमा ही तिथी. तिथी कुणाच्या उशाशी बसते? शेवटी कंटाळून त्यांनी ‘तो’ घातला, कानाला कसं लागतं ते पाहायला फोनवर वाचून रेकॉर्ड केलं आणि प्रकाशकबाईंना सल्ला विचारायला पाठवून दिलं. शीर्षक आणि ‘आईसारखा’ अजून ठरलं नव्हतं, म्हणून तेवढं वाचलं नाही.

गेलं ते ‘घरचे’ या ग्रुपवर.

“तो खिडकीतून आला. दार वाजवलं नाही. माझ्या उशाशी बसला, केसांतून हात फिरवला. शेजारी नवरा घोरत होता. तो म्हणाला, उद्याही येईन.”

पहिल्यांदा नणंद आली, पायात वेगवेगळ्या चपला. ती वहिनींकडे न बघता खिडकीकडे बघत राहिली. मग नवरा ऑफिस सोडून आला आणि खिडकीची रुंदी टेपने मोजू लागला. त्याच्यामागून वेल्डर आला, खांद्यावर गज घेऊन. वहिनी समजावत होत्या, की अहो, ही ल्यून आहे, फ्रेंचमध्ये बाई आहे, मराठीत आल्यावर पुरुष झाली. वेल्डरने माप घेणं थांबवलं आणि फार सहानुभूतीने मान हलवली.

“मी घोरतो, हे जगाला सांगायची काय गरज होती?” नवऱ्याचं दुःख तेवढंच बाहेर पडलं.

“ते कवितेतच आहे हो!”

“फ्रान्सपर्यंत पोचलं म्हणजे.”

सासूबाईंनी चष्मा वर केला. “सूनबाई, कोण आहे, कुठला आहे, ते राहू दे. तुझं त्याच्याशी नातं काय, तेवढं सांग.”

वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नातं! लहानपणी अंगणात प्रत्येक पोराला आकाशात बोट दाखवून जे सांगतात, तेच.

“मामा,” त्या म्हणाल्या. “चांदोमामा आहे तो, सासूबाई. आईचा भाऊ.”

खोलीतला ताण एकदम उतरला. मामा खिडकीतून आला काय, उशाशी बसला काय, माहेरचंच माणूस! नणंदेने डोळे पुसले. तिचा मामा फार दूर राहायचा. नवऱ्याने टेप गुंडाळली.

वहिनी धावत टेबलाशी गेल्या. ‘तो’ तसाच ठेवला, पहिल्याच ओळीत त्याला मामा केलं, झग्याची शाल केली. आई हरवली, हे त्यांना टोचत राहिलं. तशी टीपही लिहिली: मुळात ही आई आहे, मराठीत आईने भावाला पाठवलंय. या वेळी ग्रुपचं नाव तीनदा वाचून पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा वेल्डर खिडकीवर चढलेलाच होता; त्याला थांब म्हणायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मामा आवडला, टीप त्याहून आवडली, संग्रह तुमचा. वहिनींनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

वेल्डर हत्यारं आवरू लागला. आता गज नकोत ना, त्याने विचारलं. नवरा नको म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी सुनेला विचारलं, पुढची कविता कशावर आहे.

“मृत्यूवर. तीही तिकडे बाईच आहे,” वहिनी चाचरत म्हणाल्या. “सुंदर. नवऱ्याचा हात धरून घेऊन जाते.”

सासूबाई वेल्डरकडे वळल्या.

“दाराचंही माप घ्या.”