सासूबाईंचा गेलेला नंबर

खरं बोलायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. चष्म्याच्या दुकानात उभा असतो मी, काउंटरच्या आत. काच धुरकट झाली म्हणून कुणी नवी मागितली, तर फडक्यानं पुसून परत देतो आणि वर सांगतो, "काका, काच चांगली आहे. तुमचा अंगठा तेलकट आहे!" मालकांना हे आवडत नाही. त्यांनी मला केबिनमध्ये घेऊन झापलं, "अरे, माणूस चुकीचं मागत असला तरी त्याला काहीतरी हवं असतं! आधी ते काय हवंय ते विचार. मग चूक सांग. हळू!"

तर मंडळी, मी हळू झालो. इतका गोड झालो, की माझ्या कॉलरवर मुंग्या चढायला हव्या होत्या! कुणीही या, काहीही मागा, मी लोण्यातून सुरी फिरवावी तसा बोलणार, अशी माझी खात्री होती.

आणि आल्या कोण? सासूबाई!

स्कूटरवरून आल्या. पुढचं चाक दुकानाच्या पायरीवर चढलं, तेव्हा थांबल्या. आत येऊन त्यांनी चष्मा काउंटरवर आपटला.

"जावईबापू, यात साध्या काचा बसवा. माझा नंबर गेला!"

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला! रोज सकाळी गच्चीवर डोळे गोल गोल फिरवते. आता सुईत दोरा ओवते, बिनचष्म्यानं! औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचते! हा चष्मा लावला की उलट सगळं धूसर. बिल्डिंगमधल्या बायकांनाही शिकवतेय."

आता इथं माझा गोडवा कामाला यायला हवा होता. पण सासूबाई म्हटलं की माझी जीभ पायताण घालूनच बाहेर पडते.

"आई, असा नंबर जात नसतो! डोळे फिरवून फक्त चक्कर येते!"

सासूबाईंनी चष्मा उचलला, पर्स उचलली, नाक तर आधीच उचललेलं होतं. "तुमच्या धंद्यावर पाणी पडतंय म्हणून बोलताय!" म्हणाल्या आणि पायरीवरून स्कूटर काढून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काय व्हावं? गच्चीवरच्या बायकांची फौज दुकानात! सगळ्यांनी चष्मे काढलेले. एक बाई दाराऐवजी शोकेसमधून आत येऊ पाहत होत्या. दुसऱ्या बाईंनी मालकांना 'काय गं, केस कापलेस का?' असं विचारलं.

"आम्हाला चष्मे नकोत! परत घ्या!"

"का?"

"तुमच्या सासूबाईंचा गेला, आमचाही जाणार! तुमच्यासारखे लोक जाऊ देत नाहीत!"

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नोकरी आणि मी यांच्यात फक्त एक वाक्य उरलंय हे मला कळलं. "सासूबाईंना बोलाव," ते दात न उघडता म्हणाले, "आणि या वेळी नीट!"

बायकोनं मध्यस्थी केली आणि संध्याकाळी सासूबाई आल्या. मी जिभेला दावं बांधलं.

"आई, बसा. काय काय दिसतं ते मला दाखवा."

मी वाचायचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ धडाधड वाचली. चष्म्याशिवाय! मी थक्क! म्हणजे बाई खोटं बोलत नव्हत्या.

"तुम्ही म्हणता ते खरंय," मी म्हणालो. "जवळचं चष्म्याशिवाय दिसतंय. आता एक सांगा, साध्याच काचा घालायच्या, तर चष्मा घालायचाच कशाला?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"तुमच्या बायकोला सांगणार नाही ना? मी बिनचष्म्याची दिसले तर ती स्कूटरची चावी काढून घेईल. मग क्लासवरून चिमीला कोण आणणार?"

चिमी म्हणजे माझी मुलगी! ती सासूबाईंच्या मागे बसते, दोन्ही हात सोडून गाणी म्हणते!

"संध्याकाळी आणता?" माझा आवाज चिरकला.

"मग काय! समोरच्या गाड्यांचे दिवे एवढे एवढे फुलतात, जसे काही फुगेच. पण मी जाते अंदाजानं."

अंदाजानं!! मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ओरडलो असतो तर बाई परत स्कूटरवर बसल्या असत्या, आणि चिमी मागे. तोंड मिटलं.

"आई, आता तो भिंतीवरचा तक्ता वाचा."

"कुठली भिंत?" असं त्या म्हणाल्या नाहीत, एवढंच. वरचं सगळ्यात मोठं अक्षर आलं. दुसऱ्या ओळीला म्हणाल्या, "तुमचा बल्ब गेलाय."

मी बल्बला शिव्या खाऊ दिल्या. तपासणीची गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि त्यात उणे नंबरची भिंगं घातली. त्यांचा जुना चष्मा अधिक नंबरचा. हे उलट्या बाजूचं भिंग! सासूबाई एकदम ताठ झाल्या.

"अय्या! ओळी आल्या!" मग डोळे बारीक करून, "पण वर साय धरल्यासारखं वाटतंय."

"आई, नंबर गेला नाही. तो अधिकातून उण्यात गेलाय. म्हणून जुना चष्मा धूसर करतो, जवळचं नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि लांबचं दिसत नाही. डोळ्यांतलं भिंग वयानं घट्ट, पिवळट होत गेलं की असं होऊ शकतं. म्हणजे आत एक चष्माच तयार होतो म्हणा ना. जवळचं देतो, लांबचं घेतो, दिव्यांचे फुगे करतो."

"म्हणजे मोतीबिंदू?" त्यांचा चेहरा उतरला.

"तशी शंका येते. पण मी चष्मेवाला. नक्की काय ते डोळ्यांचे डॉक्टर आत पाहून सांगतील. तसं असलं तर त्यावर ऑपरेशन आहे. नवा चष्मा आत्ता बनवला तरी नंबर पुन्हा सरकेल."

"आणि माझा व्यायाम?"

"त्यानं हे झालं नाही. त्यानं हे जाणारही नाही. करायचा तर खुशाल करा. पण बायकांना चष्मे घालायला सांगा."

त्यांनी पर्सची चेन उघडली, मिटली.

"चिमीला आणते ना, तेव्हा घरात माझा काहीतरी उपयोग आहे असं वाटतं हो."

बघा! बाईंना काचा नकोच होत्या. नात हवी होती.

"चिमीला तुम्हीच आणायची," मी म्हणालो. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत पायी. क्लास काही लांब नाही. हात धरून गप्पा मारत या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जवळ होतो, म्हणजे दिसत असणार. मग चावी माझ्या हातावर ठेवली.

मंडळी, मला रडू येत होतं! मालकांनी लांबून अंगठा दाखवला. अपमान नाही, भांडण नाही, चूक दुरुस्त, पोर सुरक्षित. अशी कला कुणाला जमते?

डॉक्टरांची वेळ घ्यायला मी फोनकडे वळलो. सासूबाई माझ्यापुढे. त्यांनी आधीच बहिणीला फोन लावला होता, आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या :

"अगं ताई, जावयांनी मशीन लावून तपासलं! नंबर नुसता गेला नाही, डोळ्यांच्या आत नवा चष्मा उगवलाय! हो, आपोआप! तू पण उद्यापासून फिरवायला लाग. आणि सगळ्या बायकांना घेऊन दुकानात ये, हे फुकट तपासून देतात!"