ड्रोनने काढलेला फोटो

हर्षालीचं म्हणणं असं, की लग्नात गोंधळ होतो तो यादी नसते म्हणून! तिच्याकडे यादी होती. एक्केचाळीस कामं, प्रत्येकापुढे तारीख. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायचं काम तिचं. घडावर एक डाग दिसला की घड बाजूला. अशा बाईच्या लग्नात काय चुकणार?

मखमलाबादला घरी ती आणि वडील सोमनाथ असे दोघंच. आई जाऊन तीन वर्षं झाली. म्हणून लग्नाची जबाबदारी घ्यायला वडिलांची थोरली बहीण आक्काबाई दोन महिने आधीच येऊन बसली होती, आणि आल्या दिवसापासून हर्षालीच्या यादीवर कोथिंबीर निवडत होती.

लग्नाला सहा आठवडे होते. यादीतलं काम बारावं: केशरचनेची तालीम. पार्लरवाल्या योगिनीने अंबाडा बांधायला केस वर उचलले आणि तिचा हात थांबला.

"ताई, इथं काय झालंय?"

तिने मागे आरसा धरला. डाव्या कानाच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढा गोल. एक केस नाही. जखम नाही, खाज नाही, खपली नाही. उकडून सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत कातडी!

"चाई!" योगिनी म्हणाली, आणि हातातला कंगवा तिने दोन बोटांत धरून बादलीत टाकला. मेलेल्या उंदराला धरतात तसा!

हर्षाली तशीच उठली. अर्धे केस वर, अर्धे खाली, आणि गाडीवरून घरापर्यंत योगिनीला, कंगव्याला आणि आरशाला शिव्या घालत आली. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला. शेकडो घडांवरचा डाग तिला दिसतो आणि डोक्यावरचा दिसला नाही! आई असती तर पहिल्याच रविवारी तेल लावताना दिसला असता. त्यावर कोणाला शिवी घालायची ते कळेना, म्हणून तिने फाटक आपटलं.

आक्काबाईने डोकं बघितलं आणि निकाल दिला. "किडा लागलाय. केस खातो तो. लसूण चोळला की मरतो."

सोमनाथने पिकावरची बारीक कीड बघायचं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. "आक्के, किडा दिसत नाही."

"भिंगात दिसला तर तो किडा कसला!"

सोमनाथने मोबाइलवर फोटो काढला. "तुला नीट दिसावं म्हणून," असं तो लेकीला म्हणाला. तेव्हा तिला ते खरं वाटलं.

"आणि ऐक," आक्काबाई म्हणाली, "तुझ्या सार्थकला एक शब्द बोलायचा नाही. अक्षता पडू दे, मग काय सांगायचं ते सांग."

"मी फसवून लग्न करणार नाही. रविवारी त्याला भेटून सांगणार. मी सांगणार, माझ्या तोंडाने. दुसरं कोणी नाही!"

"लग्न मोडलं तर?"

"तर मोडलं!"

असं म्हणाली खरी, पण रात्रभर उशीवरचे केस मोजत पडली.

सकाळी आक्काबाईने ठेचलेला लसूण त्या जागेवर चोळला आणि वरून फडकं बांधलं. जेवढं झोंबेल तेवढं चांगलं, असं तिचं शास्त्र होतं. तासाभराने हर्षाली किंचाळली. फडकं काढलं तर कातडी लालभडक आणि वर पाण्याने भरलेले दोन फोड. चाई होती तिथेच होती. वर भाजणं फुकट!

त्याच दिवशी ती वडिलांना घेऊन कॉलेज रोडच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वेदिका लहानखुऱ्या होत्या, पण फोड बघून अशा गरजल्या की बाहेरचा पेशंट उठून उभा राहिला.

"लसूण कोणी लावला?"

सोमनाथ चपलांकडे बघू लागला.

डॉक्टरांनी दिव्याचं भिंग डोक्याला लावलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. गोलाच्या कडेला आखूड तुटके केस होते. वर जाड, मुळाशी बारीक. "उद्गारचिन्हासारखे दिसतात ना? ही चाईची खूण. आता नखं दाखव." दोन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. हर्षाली ते नेलपॉलिशखाली झाकत आली होती.

"हा किडा नाही, बुरशी नाही. कंगव्याने, उशीने, हात लावल्याने दुसऱ्याला होत नाही. आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात."

"टेन्शनने झालं का?" हर्षालीने विचारलं.

"टेन्शनने भर पडू शकते, पण तेच कारण असं म्हणता येत नाही. तू काही चुकीचं केलेलं नाहीस."

"मुळी जिवंत आहे का?" सोमनाथने मध्येच विचारलं.

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "जिवंत आहे. झोपलीय."

सोमनाथचा चेहरा उजळला. त्याला एवढंच पाहिजे होतं.

"त्या जागी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देऊ, दर चार ते सहा आठवड्यांनी. केस दिसायला महिना-दीड महिना लागतो, आणि पहिले केस बहुतेक वेळा पांढरे येतात. लहान डागाचे केस पुष्कळ जणांचे परत येतात. पण शब्द देत नाही. मध्येच नवीन डागही पडू शकतो. थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या."

"मग आज इंजेक्शन?"

"या भाजलेल्या कातडीत? बरी होऊ दे. दहा दिवसांनी या."

लग्नाआधीच्या मोजक्या दिवसांतले दहा दिवस लसणाने खाल्ले! घरी येऊन हर्षालीने आक्काबाईसमोर लसणाची अख्खी माळ उचलली आणि शेजारच्या शेळीला टाकली. शेळीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. शेळीलाही कळतं!

आता सोमनाथची गोष्ट. डॉक्टरवर त्याचा विश्वास होता, पण आयुष्यभर त्याने दोघांना विचारल्याशिवाय औषध मारलं नव्हतं. शनिवारी सकाळी त्याने तो फोटो शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोनशे छप्पन मेंबर. खाली एकच ओळ: "मधेच गोल रिकामा पडला आहे. मुळी जिवंत. उपाय सांगा."

धडाधड उत्तरं आली.

"फोटो भारी! ड्रोनने काढला का?"

"किती गुंठे गेलं?"

"गोलात रोपं गेली म्हणजे हुमणी अळी. मुळ्या खाते."

सायखेड्याहून कोंडाजींचं उत्तर आलं. कोंडाजी म्हणजे सार्थकचे वडील, होणारे व्याही. "सोमनाथराव, हुमणीच हाय. दाणेदार विष टाका आन् वरून पाणी सोडा. लय जालीम."

सोमनाथने "धन्यवाद" लिहिलं आणि हात जोडलेलं चित्र टाकलं. कारण व्याह्याला उत्तर दिलं नाही तर बरं दिसत नाही!

दुपारी कोणीतरी फोटो मोठा करून बघितला. "खाली कोपऱ्यात झुमका दिसतोय. शेतात झुमका कसा?"

झुमका साखरपुड्याचा होता. तो कोंडाजींच्या बायकोने, कुसाबाईंनी स्वतः निवडला होता.

अर्ध्या तासात फोन. "आम्ही निघालोय," एवढंच म्हणून कोंडाजींनी ठेवला.

"मोडलं!" आक्काबाई मटकन बसली, आणि लगेच उठून हर्षालीच्या डोक्याला स्कार्फ गुंडाळू लागली. "काय झालं?" हर्षालीने विचारलं. सोमनाथने मोबाइल पुढे केला. हर्षालीने वाचलं. गुंठे वाचले, हुमणी वाचली, धन्यवाद वाचलं.

"दादा!" ती वडिलांवर ओरडली. "मी उद्या सांगणार होते!"

"मी नाव कुठे घातलं होतं?" सोमनाथ म्हणाला.

गाडी दारात आली. कोंडाजी, कुसाबाई आणि मागून सार्थक. तिघांचे चेहरे कडुलिंबाचा रस प्यायल्यासारखे. कोंडाजी तोंड उघडणार तेवढ्यात हर्षालीने स्कार्फ ओढून काढला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"बघा! मोठं करायची गरज नाही, खराच आकार आहे. याला चाई म्हणतात. कोणाला लागत नाही. डोक्यात इंजेक्शनं घ्यायची आहेत. केस येतील, नाहीही येतील, आणखीही जातील. लग्न मोडायला आला असाल तर चहा न घेता मोडा, दूध कमी आहे!"

कोंडाजी घाम पुसत ओट्यावर बसले.

"पोरी, ते दाणेदार विष डोक्याला लावलं नाय ना?"

"काय?"

"मीच सांगितलं होतं ना! झुमका बघितला आन् तसाच उठलो. तुझा बाप कोणाचंबी ऐकतो! गाडी कशी हाणली माझी मला ठावं."

हर्षालीचा राग असा मध्येच लोंबकळला. टाकायचा कोणावर? ती जागा कुसाबाईंनी करून दिली.

"पुढं पोरंबाळं होतील, त्यांना व्हतं का हे?"

"घरात कोणाला असेल तर शक्यता थोडी वाढते. होईलच असं नाही."

"मंग हळदीला डोक्यावरून पदर घेऊ. लोक लय बोलत्यात."

"पदर नाही घेणार."

कुसाबाईंनी ओठ आवळले. सार्थक इतका वेळ दाराशी उभा होता. "मला ग्रुपवरून कळावं?" तो म्हणाला. "तेही सगळ्यांच्या शेवटी!"

"उद्याची वेळ कशाला मागितली होती तुझ्याकडे? पिक्चर बघायला?"

त्याने चप्पल काढली, आत आला आणि म्हणाला, "इंजेक्शनला मी येतो."

"ये. पण फोटो काढायचा नाही."

तो आला. कातडी बरी झाली होती. डॉक्टरांनी केसासारख्या बारीक सुईने बोटभरही अंतर न सोडता थेंब थेंब औषध त्या गोलात टोचलं. हर्षाली दात आवळून बसली. नवव्या टोचणीला सार्थक भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि पाणी त्यालाच द्यावं लागलं!

तिसऱ्या आठवड्यात कपाळाच्या वर आणखी एक डाग पडला, चण्याएवढा. त्या दिवशी हर्षालीने आरशाला चप्पल मारली. मग आरशाची काच गोळा केली, यादीत बेचाळिसावं काम लिहिलं, "आरसा", आणि पॅकहाऊसला गेली.

हळदीचा दिवस आला. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन कुसाबाई आल्या. हळदीआधी तेलवण. पाच सवाष्णी आंब्याची पानं तेलात बुडवून पाय, गुडघे, खांदे आणि शेवटी डोक्याला लावतात. आक्काबाईने कुसाबाईंना पाचवी बसवलं. मांडवातल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या, म्हणजे सगळ्या बघू लागल्या. कुसाबाईंचं पान पाय, गुडघे, खांदे करत वर आलं आणि डोक्याशी अडलं.

"लावा," हर्षाली म्हणाली. "चावत नाही ते!"

कुसाबाईंनी पान बाजूला ठेवलं, बोटांनीच केस दूर केले आणि वाकून बघितलं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं बया! लव आली!"

खरंच होतं. पहिल्या गोलात पांढरी, मऊ, कापसाच्या तंतूसारखी लव. कपाळाच्या वरचा चणा तसाच कोरा होता. कुसाबाईंनी दोन्ही जागी तेल लावलं, आणि मग स्वतःचे डोळे तेलकट हातानेच पुसले.

हर्षालीला रडू येणार होतं. तेवढ्यात मागे 'खटक' असा आवाज आला. सोमनाथ मोबाइल पाठीमागे लपवत होता.

ग्रुपवर फोटो गेलेला. खाली ओळ: "फुटवा आला! सर्वांचे आभार."

हर्षालीने हळदीच्या हाताने मोबाइल हिसकावला. नांदगावच्या कोणीतरी विचारलं होतं, "छान. व्हरायटी कोणती?"

तिने रागारागाने लिहिलं, "व्हरायटी हर्षाली. ही लागवड माझ्या डोक्यावर आहे. पुन्हा फोटो दिसला तर शेतकऱ्यालाच उपटून काढीन!"

मग नांदगावहून उत्तर आलं.

"ताई, लागवडीला दहा काड्या मिळतील का?"