समान संधीचा एसएमएस

लखनऊच्या विद्यार्थी प्रोत्साहन कक्षात सूचना काढणं हे एका टेबलाचं काम होतं आणि सूचना कळवणं हे कुणाचंच नव्हतं. दर वर्षी अल्प उत्पन्नाच्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी दोनशे शिष्यवृत्त्या निघत. 'प्रथम आवेदन, प्रथम लाभ' या तत्त्वावर त्या वाटल्या जात. सूचना कक्षाच्या संकेतस्थळावर झळके. कधी झळकेल, हे संकेतस्थळालाही ठाऊक नसे.

अरुणा तांबवेकर एकतीस वर्षं मुलींच्या बारावीपर्यंतच्या इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जानकीपुरमला राहत आणि दर रविवारी बसने सरैयाखेडा गावात जाऊन मुलींना विज्ञान शिकवत. २०१३ साली त्या गावातल्या एकाही मुलीला शिष्यवृत्ती मिळाली नाही, कारण सूचना गावात पोहोचली तेव्हा जागा संपून आठ दिवस झाले होते. अकरावीतली गीता, जी प्रत्येक सूत्रानंतर "क्यों?" विचारायची, तिने तेव्हाही विचारलं. तिच्या मोठ्या बहिणीला त्याच महिन्यात कॉलेजातून काढून चिकनच्या भरतकामाला बसवलं होतं. 

बाईंनी अमीनाबादच्या बाजारातून पायथन या संगणकभाषेचं जाडजूड पुस्तक आणलं आणि पुण्याच्या भाचीला, प्रणिताला, फोन लावला.

"मावशी, अगं रोज साइट उघडून बघ ना. त्यासाठी प्रोग्रॅम कशाला?"

"रोजच बघते. यांची सूचना दुपारी चारला चढते आणि तारीख मागच्या आठवड्याची असते. मी काय दिवसभर पाळत ठेवू?"

"मग पाळत ठेवायला प्रोग्रॅम. बरं, लिहून घे."

पहिला प्रोग्रॅम दर अर्ध्या तासाला पान उतरवून घेई, त्याचा आकडेमोडीचा ठसा काढी आणि आधीच्या ठशाशी ताडून पाही. ठसा वेगळा म्हणजे पानावर काहीतरी नवीन. पहिल्याच दिवशी अठ्ठेचाळीस वेळा नवीन आलं. बाईंनी दोन पानं शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली. पानाच्या तळाशी 'आप हमारे सम्मानित आगंतुक क्रमांक' असं लिहिलेला आकडा होता आणि तो प्रत्येक भेटीला एकने वाढत होता. म्हणजे प्रोग्रॅम येऊन गेल्याची बातमी प्रोग्रॅमच देत होता.

मग त्यांनी पूर्ण पानाचा नाद सोडला. फक्त सूचनांच्या तक्त्यातले दुवे वेचायचे, फाइलीत साठवायचे आणि पुढच्या फेरीत नवा दुवा दिसला तरच कागद उतरवायचा. कागदातही मेख होती. पडद्यावर शुद्ध हिंदी दिसे. मजकूर बाहेर काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येई, कारण टायपिस्ट अजून जुना फॉन्ट वापरत होता. बाईंनी त्या कचऱ्यात 'छात्रवृत्ति' हा शब्द कसा दिसतो ते पाहिलं आणि प्रोग्रॅमला नेमका तोच कचरा शोधायला सांगितला. स्कॅन करून चढवलेल्या कागदांत मजकूरच नसे. ते फक्त बाईंना कळवायचे, त्या डोळ्यांनी वाचत. बाकी सगळं आपोआप: शब्द सापडला की संगणकाला जोडलेल्या डोंगलमधल्या सिमवरून सरैयाखेड्याच्या अडतीस मोबाइलना एसएमएस.

२०१४ साली सूचना मंगळवारी दुपारी चारनंतर चढली. त्या वर्षी एकट्या सरैयाखेड्याला एकतीस शिष्यवृत्त्या मिळाल्या. कक्षात खळबळ उडाली. शिष्यवृत्ती पात्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचा हा पहिलाच प्रकार असल्याने चौकशी लागली. संकेतस्थळाच्या भेटींच्या नोंदवहीत बाईंच्याच संगणकाचा पत्ता दर अर्ध्या तासाला सापडला आणि बाईंना बोलावणं आलं.

उपसंचालक हेमचंद्र वाजपेयी यांनी अत्यंत अदबीनं चहा मागवला.

"मैडम, सूचना सार्वजनिक है. आप चुनिंदा लोगों को पहले बता रही हैं. यह तो पक्षपात हुआ."

"तुम्ही कुणालाच सांगत नाही, ते?" बाई मराठीत पुटपुटल्या आणि मग हिंदीत म्हणाल्या, "आप तो किसी को नहीं बताते."

"जी, वही तो समानता है." वाजपेयींनी बिस्किटांची बशी पुढे केली. "या तो जो माँगे उसे संदेश दीजिए, सबको बराबर, या हम आपका पता ब्लॉक कर दें."

पत्ता बंद झाला असता तर प्रोग्रॅम आंधळा झाला असता. शिवाय मुद्दा बाईंना वर्मी लागला. पुढच्या बाकावरच्यांचे लाड त्यांनी आयुष्यात केले नव्हते. त्यांनी होकार दिला. एवढंच नव्हे, डोंगलला एका संदेशाला सहा सेकंद लागत, तेव्हा कुणाचा नंबर कायम आधी लागू नये म्हणून यादी प्रत्येक वेळी पत्त्यांच्या डावासारखी पिसण्याची एक ओळही प्रोग्रॅममध्ये घातली. ती ओळ लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

कक्षाने हा 'अभिनव उपक्रम' वर्तमानपत्रात छापून आणला, बाईंच्या नंबरासकट. २०१५च्या जूनपर्यंत यादी सहाशे बारा नंबरांवर गेली. गीता बारावीला गावात पहिली आली होती. घरी ठरलं होतं: शिष्यवृत्ती मिळाली तर बीएस्सी, नाहीतर सुईदोरा.

सूचना ऑगस्टमध्ये एका गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी चढली. साडेअकराच्या फेरीला प्रोग्रॅमने ती पकडली. तासाभरात सहाशे बारा संदेश गेले, कुणालाही झुकतं माप न देता. गीताचा संदेश एकशे सातवा होता, म्हणजे अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी. ती लगेच निघाली. सायबर कॅफे पाच किलोमीटरवर होता, तिथे वीज तीनला आली आणि तिचा अर्ज तीन वाजून बावीस मिनिटांनी भरला गेला. दोनशेवी जागा एक चाळीसला भरली होती. गीताचा क्रमांक दोनशे चौदा. सरैयाखेड्याला त्या वर्षी चार मिळाल्या.

बाईंनी निवड यादी उतरवून पत्त्यांवरून चाळली. एकशे सतरा ग्रामीण विद्यार्थी शहरात राहत होते. एक्केचाळिसाव्या क्रमांकावर स्वरदा सोमण होती. तिचे वडील चंद्रकांत सोमण शास्त्रज्ञ, बाईंचे शेजारी.

"सोमण, तुम्ही ग्रामीण कधीपासून झालात?"

"ताई, आपल्या सोसायटीचा मागचा रस्ता कागदोपत्री अजून ग्रामपंचायतीत आहे. प्रधानजींनी, म्हणजे इथल्या सरपंचांनी, स्वतः सही दिली."

"आणि वर्षाचं उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार?"

"ते तहसीलचं सर्टिफिकेट आहे, मी थोडंच लिहिलंय?" सोमण जरा दुखावले. "खरं सांगू, तुमच्या एसएमएसमुळे झालं सगळं. कागद तयारच होते, नेट होतं, ऑफिसातूनच भरला. यू आर ग्रेट, ताई."

सप्टेंबरात गणपतीत लखनऊच्या मराठी मंडळींनी बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अध्यक्षांनी 'वंचितांच्या दारी तंत्रज्ञान' यावर वीस मिनिटं भाषण केलं. बाईंनी शाल खुर्चीवर ठेवली आणि दोनच मिनिटं बोलल्या. दोनशे जागा कुणी घेतल्या, ते आकड्यांनिशी सांगितलं. नावं घेतली नाहीत, घ्यायची गरजही नव्हती. गीता सध्या एका कुर्त्यामागे किती टाके घालते, तेही सांगितलं.

सभागृहात प्राध्यापक, शास्त्रज्ञ, फौजेतले अधिकारी, सगळी वाचणारी, विचार करणारी माणसं होती. दोघीतिघींनी डोळ्यांना रुमाल लावला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "फारच अन्याय आहे हा. सिस्टीमच किडलीय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घसा साफ केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ताई, पुढच्या वर्षीची सूचना साधारण कधी येते?"

कुणी हसलं नाही. सभागृहात पेनांची टोपणं उघडल्याचे आवाज झाले, आणि नंबर लिहून देण्यासाठी एक कागद रांगेरांगेतून शिस्तीत पुढे सरकू लागला.