मावशी नावाची सेवा

श्रेय हे देवळातल्या प्रसादासारखं असतं. वाटायला घेतलं की पहिल्या रांगेला मूठभर, मधल्या रांगेला चिमूटभर आणि दाराशी बसलेल्याला नुसता वास. तरी कोणी तक्रार करत नाही, कारण प्रसादाबद्दल तक्रार करणं पाप आहे. श्रेयाबद्दल तक्रार करणं पाप नाही. तो फक्त सेवाशर्तींचा भंग आहे.

आमचं रुग्णालय शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या सीमेवर आहे. (शहापूरवाले ते मुरबाडचं समजतात, मुरबाडवाले शहापूरचं. त्यामुळे निधी कुठूनच येत नाही, पेशंट मात्र दोन्हीकडून येतात.) या रुग्णालयाच्या प्रसूती विभागाला गेल्या वर्षी राष्ट्रीय गुणवत्ता मानांकन मिळालं.

हे मानांकन काही वशिल्याने मिळत नाही. बाहेरच्या राज्यांतले परीक्षक येतात. डोळ्यांनी बघतात, कर्मचाऱ्यांना विचारतात, नोंदी चाळतात आणि बाळंतिणींशी बोलतात. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. एक गुण म्हणजे 'आहे, पण अर्धवट'. (हा गुण ज्याने शोधला त्याला देश कळला होता.) एकूण सत्तर टक्क्यांच्या वर गेलात तर प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांपुरतं, आणि मधल्या वर्षांत राज्याचे लोक येऊन बघणार, की परीक्षेला लावलेले पडदे अजून जागेवर आहेत का.

आमचे पडदे जागेवर होते. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत. परीक्षकाने फरशी पुसणाऱ्या मावशींना गाठलं.

"फरशी कशी पुसता?"

"तीन बादल्या, साहेब. पयलीत साबणाचा पानी, दुसरीत साधा पानी, तिसरीत औषध. आतून भायेर पुसत यायचा. मागं फिरायचा नाय."

"मागे का नाही?"

"पुसल्यावर परत घाण कशाला नेयाची?"

परीक्षकाने दोन गुण दिले. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात बुवांना हीच गोष्ट सांगायला अडीच तास लागतात, आणि मध्ये चहाही द्यावा लागतो.

मग परीक्षक बाळंतिणींकडे वळले. कोणी ओरडलं का? कोणी लाजवलं का? बायका म्हणाल्या, नाय, मावशीनी धीर दिला. दुसऱ्या खाटेवर तेच. पाचव्या खाटेवर तेच. समारोपाच्या बैठकीत परीक्षकांनी आवर्जून सांगितलं की, सहाय्यक कर्मचाऱ्यांचंही कौतुक व्हावं. अधीक्षक साहेब मनाने मऊ. त्यांनी तिथल्या तिथे आदेश दिला: निकाल लागला की अंतर्गत परिपत्रक काढा, आणि डॉक्टरांबरोबर सहाय्यक कर्मचाऱ्यांची नावं घ्या. शिपाई, सफाई, सगळ्यांची!

निकाल लागला. आस्थापना लिपिक अनिलभाऊ मसुदा करायला बसले. डॉक्टरांची नावं पदव्यांसकट घेतली, त्यांत दीड पान गेलं. भुलीचे डॉक्टर मंगळवारीच येतात, त्यांचं नाव आलं. आदल्या वर्षी बदलून गेलेल्या डॉक्टरांचं 'पायाभरणीबद्दल' आलं. मग सहाय्यक कर्मचारी. अनिलभाऊंनी पेन थांबवून प्रसूती विभागाच्या मुख्य परिचारिका शीतल सिस्टरना विचारलं, "मावशींचं नाव काय?"

शीतल सिस्टर विचारात पडल्या. सहा वर्षं त्या मावशींबरोबर काम करत होत्या. "मावशीच म्हणतो की आपण."

इथे थोडं निरूपण आवश्यक आहे. आपल्या शास्त्रात नाममहिमा मोठा. विष्णूला सहस्र नावं. त्याहून मोठं जे तत्त्व, त्याला नाव नाही, रूप नाही, गुण नाही, आणि ते सर्वत्र भरून आहे. सरकारी रुग्णालयात या तत्त्वाला मावशी म्हणतात. (पुरुष असेल तर मामा.)

तेवढ्यात ते तत्त्व स्वतःच दारात येऊन उभं राहिलं. "भाऊ, माझं नाव रत्नप्रभा. रत्नप्रभा भालेराव, किन्हवली. यवढा घाला परिपत्रकात. महिनाअखेरीस ठेका बदलतोय. नवा ठेकेदार बोलतो, कामाचा कागद दाखव, मंग ठेवतो."

"जुन्या ठेकेदाराकडून दाखला घ्या ना, मावशी."

"त्याचा फोन लागत नाय. ऑफिस होता तिथं आता मोमोज इकतात."

अनिलभाऊ वाईट माणूस नव्हेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नाव द्यायला नकार दिला. कारण अत्यंत योग्य होतं. मावशी रुग्णालयाच्या कर्मचारीच नव्हत्या. त्या ठेकेदाराच्या होत्या. रुग्णालय ठेकेदाराकडून माणसं घेत नाही, 'स्वच्छता सेवा' घेतं. आता कार्यालयाने शिक्क्यानिशी लिहून दिलं की रत्नप्रभा भालेराव यांनी आमच्याकडे सहा वर्षं उत्तम काम केलं, तर उद्या हाच कागद कामगार न्यायालयात 'मी इथलीच' म्हणून उभा राहील. तेव्हा कार्यालयाच्या लेखी मावशी ही व्यक्ती नसून सोय आहे. वीज, पाणी, मावशी. विजेचे आभार कोणी नाव घेऊन मानतं का?

"मग बादल्यांचे आभार माना," शीतल सिस्टर चिडून म्हणाल्या.

"बादल्या चालतील," अनिलभाऊ म्हणाले. "त्या आपल्या साठा नोंदवहीत आहेत."

वाद साहेबांकडे गेला. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि ज्याला प्रशासनात सुवर्णमध्य म्हणतात तो काढला: नाव नको, नातं लिहा. नात्यावर कोणी न्यायालयात जात नाही. (साहेब अविवाहित आहेत.) परिपत्रक निघालं:

"विषय: प्रसूती विभागास राष्ट्रीय मानांकन प्राप्त झाल्याबद्दल अभिनंदनाबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, हे यश केवळ वैद्यकीय अधिकाऱ्यांचे नसून सर्वांचे आहे. विशेषतः आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी यांच्या निःस्वार्थ सेवेची नोंद घेण्यात येत आहे. सदर नोंदीमुळे कोणताही हक्क निर्माण होणार नाही."

परिपत्रक फलकावर लागलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, त्याखाली बेचाळीस जणांनी हात जोडले. पेढे वाटले. साहेबांनी भाषणात 'मावशी' शब्द नऊ वेळा उच्चारला, आणि नऊही वेळा टाळ्या घेतल्या.

महिनाअखेरीस रत्नप्रभाबाई परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन नव्या ठेकेदारापुढे उभ्या राहिल्या. ठेकेदार मुकेशशेठ, कसाऱ्याचे. त्यांनी कागद मन लावून वाचला.

"यात तुमचं नाव कुठंय?"

"मावशी लिवलंय ना. ती मीच."

"पुरावा?"

"अवो, आख्खा दवाखाना सांगंल."

"सांगंल गो बाय. पन कागदात मावशी लिवलंय, आनि माझी सख्खी मावशी घरी बसून हाय. तुमाला लोक मावशी बोलतात. ती हायेच."

युक्तिवादात खोट काढता येईना. दुसऱ्या दिवशी मुकेशशेठच्या मावशी, येसूबाई, कामावर रुजू झाल्या. फार प्रेमळ बाई. फक्त गुडघे दुखायचे, म्हणून तीन बादल्यांपैकी एक त्यांनी पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. राष्ट्रीय मानकाच्या दृष्टीने विभाग आता दोन बादल्यांवर आला होता.

त्याच आठवड्यात किन्हवलीची प्रियांका पहिलटकरीण म्हणून दाखल झाली. कळा सुरू झाल्या तशी ती ओरडायला लागली, "मावशी पायजे! मोठ्या ताईच्या टायमाला होती ती!" येसूबाई बादलीवरून म्हणाल्या, "हाय की मी." प्रियांका आणखी जोरात रडली.

शीतल सिस्टरनी कपाट उघडलं आणि एक कोरा फॉर्म काढला. मानांकनाच्या नियमांत 'प्रसूतीसोबती' अशी तरतूद आहे: बाळंत होणाऱ्या बाईला तिच्या पसंतीची एक बाई शेवटपर्यंत जवळ ठेवता येते. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, अंगात संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, दुसऱ्या पेशंटमध्ये तिने लुडबूड करू नये. सिस्टरनी तो भरला. नाव: रत्नप्रभा भालेराव. रुग्णाशी नातं: मावशी.

रत्नप्रभाबाई रिक्षाने आल्या. प्रियांकाचा हात धरला, कंबर चोळली, "दम खा गो, बाय, दम खा" म्हणाल्या. मुलगी झाली. मग आलेच आहोत तर म्हणून बादली सरळ केली.

बाहेर सासूबाई तणतणत होत्या. "मी सासू आसून भायेर, आनि ही कोन?"

"मावशी," सिस्टर म्हणाल्या.

"कोनाची?"

"फॉर्ममध्ये आहे तिची."

बातमी दोन्ही तालुक्यांत पसरली. येणारी प्रत्येक बाई सोबती म्हणून एकच नाव सांगू लागली. एका वेळी दोघी अडल्या तर सिस्टर दोन फॉर्म भरत, कारण दुसऱ्या पेशंटमध्ये लुडबूड चालत नाही. मावशी मात्र दोघींची असू शकते. पगार अर्थातच नव्हता. नातेवाइकाला पगार कोण देतो? रत्नप्रभाबाई अर्धा दिवस लोकांच्या भातात निंदणी करत आणि उरलेला अर्धा दिवस लोकांच्या मावशी होत. बारशाच्या घुगऱ्या आणि नारळ घरी एवढे साठले की शेजारच्या वाडीतलं भजनी मंडळ नारळासाठी त्यांच्याकडेच येऊ लागलं.

वर्षाने राज्याचे परीक्षक आले. नोंदींवरून त्यांना आढळलं की दोनशे चौदा बाळंतिणींना सख्खी मावशी एकच आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि प्रसूतीसोबतीच्या मुद्द्यावर पूर्ण दोन गुण दिले. शेऱ्यात लिहिलं: 'या भागात कुटुंबसंस्था अत्यंत मजबूत आहे.'

परत परिपत्रक. या वेळी अनिलभाऊंनी आपणहून नाव घातलं, तेही जाड अक्षरात. आक्षेप उरलाच नव्हता: बाई कर्मचारी नाही, ठेक्याची नाही, नातेवाईक आहे, आणि नातेवाइकाचे आभार मानल्याने हक्क निर्माण होत नाही. "रुग्णांच्या नातेवाईक श्रीमती रत्नप्रभा भालेराव, रा. किन्हवली, यांचे हे कार्यालय ऋणी आहे."

तो कागद घेऊन रत्नप्रभाबाई पुन्हा मुकेशशेठकडे गेल्या. त्यांनी पुन्हा मन लावून वाचला. "नाव हाय," ते आनंदाने म्हणाले. "आता काय बोलायला जागाच नाय." मग कागद परत देत म्हणाले, "पन बाय, तुमी तर पेशंटच्या नातेवाईक. कामाचा अनुभव कुठं लिवलाय?"

रत्नप्रभाबाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला. "नाय लिवला," त्या म्हणाल्या. "येते. दोघी अडल्यात तिकडं."

एवढं वाचून सज्जन वाचकाला अनिलभाऊंचा राग आला असेल, मुकेशशेठचा आला असेल, साहेबांचाही थोडा आला असेल. राग पवित्र आहे, तो आवरू नये. फक्त उठून एकदा आपल्या आईला फोन लावा आणि विचारा की आपण जन्मलो तेव्हा डॉक्टर कोण होते. आई आडनावासकट सांगेल, हाताला यश होतं हेही सांगेल. मग विचारा, बाळंत होताना तुझा हात कोणी धरला होता, आणि माझ्या अंगावरचं रक्त पहिल्यांदा कोणी पुसलं.

आई आठवून बघेल. मग म्हणेल, "होत्या बाबा एक मावशी."