आमचं कधीच झालं!

ऐक ना, आधी तो फोन खाली ठेव आणि नुसतं ऐक. कारण हे सगळं फोनमुळेच झालंय.

आमच्या दादाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या नातेवाइकांचा एक ग्रुप काढला होता, पत्रिका पाठवायला, गाड्या ठरवायला. लग्न लागलं, ग्रुप तसाच राहिला. बंद कोण करणार? जो करेल त्यानं संबंध तोडले असा अर्थ निघतो! तर गेल्या वर्षी दादाचा पहिला दिवाळसण, सासुरवाडीला. नरक चतुर्दशीला सूर्योदयाआधी तेल-उटणं लावून अंघोळ करायची की नाही? आणि आमचा दादा उठला कधी? साडेनऊला! तोपर्यंत त्याचे सासरे अंघोळ, फराळ आणि पेपर उरकून बसलेले. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे मिनिटाचाही हिशोब ठेवतात. त्यांनी ग्रुपवर टाकलं, ‘आमचे जावई आत्ता उठले. नरकासुर अखेर सापडला!’

झालं. तेव्हापासून अख्खं वर्ष दादा नरकासुर. वाढदिवसाला, ‘नरकासुराला शुभेच्छा.’ ताप आला तर, ‘नरकासुर आजारी का?’ दादा वरून हसायचा, पण आतून पार जळायचा. त्यानं ठरवलंच होतं, यंदा सगळ्यांच्या आधी, पहाटे पहिला मेसेज माझा. हे नाव पुसलंच पाहिजे.

तर त्या दिवशी पहाटे पावणेपाचला मेसेज पडला. खाली पणतीचा फोटो, वर हे एवढं मोठं, ‘अभ्यंगस्नान झालं! फराळाला बसतोय. सूर्योदयाआधी उठणाऱ्या सर्वांना नरक चतुर्दशीच्या शुभेच्छा. जे अजून अंथरुणात आहेत, त्यांनी आपलं ठिकाण ओळखावं.’

अंघोळ कसली! तो पांघरुणातून फक्त एक हात बाहेर काढून टाइप करत होता. वहिनी झोपेत म्हणाली, “कोणाशी बोलतोयस रे?” हा म्हणाला, “तुझ्या बाबांना नरकात पाठवतोय. झोप तू.”

आणि खरं सांगते, दोन मिनिटांत सासऱ्यांचं उत्तर! ‘आमचं चार वाजताच झालं. दुसरी करंजी चालू आहे.’ लगेच आत्याचं, ‘आमचंही कधीच झालं! उटण्याचा काय घमघमाट!’ मग मामाचं, ‘कारीट डाव्या अंगठ्याखाली फोडलं, जिभेला लावलं, अजून तोंड कडू आहे!’ फटाफट, फटाफट. सगळ्यांची कधीच झालेली!

इकडे आईनं ते वाचलं आणि तिचा जीव खालीवर. माझं पांघरूण ओढत म्हणाली, “ऊठ गं! सगळ्या जगाची अंघोळ झाली, आपलीच राहिली! तो दादा कुठेय? झाली म्हणे त्याची. कुठे केली? बाथरूम तर कोरडं ठणठणीत!”

“आई, गीझर लावला होता का?”

“मला काय माहीत आज आहे ते! मी उद्या धरून बसलेली. चकल्या तळायच्यात, उटण्याची पुडी सापडत नाहीये. तुझे बाबा बघ, अर्धे उठलेत नि अर्धे नाहीत.”

मग काय विचारतेस! तेल कोमट करायला ठेवलं, ते धूर येईपर्यंत तापलं. दादाला पाटावर बसवला, आईनं डोक्यावर तेल थापलं. वहिनी पणत्या शोधतेय, मी चिवड्याचा डबा उघडतेय, गरम पाणी एका बादलीत संपलं. आणि बाबा, तेलानं निथळत, टॉवेल गुंडाळून बैठकीत उभे. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “काय गं, एक फटाका नाही. एक कंदील लागलेला नाही. सगळीकडे शांतता कशी?”

“लोक आळशी झालेत,” दादा डोळ्यांतलं तेल पुसत म्हणाला.

बाबा कॅलेंडरजवळ गेले. चष्मा नाही, म्हणून नाक पार टेकवलं. मग एकदम थंड आवाजात म्हणाले, “तू कुठला चौकोन वाचलास?”

“आजचाच. चतुर्दशी लिहिलंय.”

“खालचं बारीक वाच. त्रयोदशी दुपारी पावणेदोनपर्यंत. *नंतर* चतुर्दशी. म्हणजे पहाटेची चतुर्दशी कधी मिळणार? उद्या! अंघोळ उद्या आहे, गाढवा!”

मग दादानं फोनवर झडपच घातली. डिलीट! पण अंगठा तेलकट, त्याला फोन ओळखेना. टॉवेलला पुसला, टॉवेलही तेलकट. कसाबसा उघडला, मेसेज दाबून धरला, पर्याय आले, ‘सगळ्यांसाठी डिलीट’ आणि ‘फक्त माझ्यासाठी डिलीट’. अंगठा घसरला. ‘फक्त माझ्यासाठी’! परत आणायचं बटण चार सेकंद दिसलं, तोवर हा टॉवेल शोधत होता. म्हणजे आता मेसेज अख्ख्या खानदानाकडे आहे, फक्त यालाच दिसत नाही!

आणि तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. दादानं स्पीकरवर घेतला.

“जावईबापू,” सासरे कुजबुजत होते, “मी बाथरूममधून बोलतोय, आत्ता कुठे तेल लावलंय. तुमच्याकडच्या कॅलेंडरात काय लिहिलंय हो?”

“उद्या लिहिलंय, बाबा.”

“हं. आमच्याकडेही तसंच आहे.” मग नळ सोडल्याचा आवाज. “म्हणजे चार वाजता माझं झालं नव्हतं, हे तुम्हाला कळलं.”

“आणि माझं झालं नव्हतं, हे तुम्हाला.”

“मग असं करू. तुम्ही काही बोलायचं नाही, मी काही बोलायचं नाही. उद्या एकही मेसेज टाकायचा नाही. ते नरकासुराचं नाव मी आजपासून सोडलं. ठेवतो, हिनं दार वाजवलं.”

दादा अक्षरशः नाचला! पाटावरून घसरला, पण नाचला. आणि ग्रुप? चिडीचूप. आत्या गप्प, मामा गप्प. कुणीच म्हणेना, अरे आज नाहीये. म्हणणार कसं? सगळ्यांची कधीच झालेली ना!

आता खरी मजा. दुसऱ्या दिवशी, खऱ्या दिवशी, दादा चार वाजता आपण होऊन उठला! तेल, उटणं, कारीट, सगळं रीतसर. पाचला देवापुढे दिवा. आयुष्यात पहिल्यांदा. आणि सांगायची सोय नाही! बिचारा फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालतोय, टाइप करतोय, पुसतोय.

“टाकून टाक ना,” मी म्हटलं.

“शब्द दिलाय गं.”

सव्वासातला फोन वाजला. ग्रुपवर दादाच्या सासूबाई. त्या कधी काही लिहीत नाहीत बरं का, नुसत्या वाचतात! त्यांनी फोटो टाकला होता. खिडकीतून चांगलं ऊन आलंय आणि सासरे पांघरुणात, तोंड उघडं टाकून झोपलेत. खाली लिहिलेलं, ‘काल दमले. यंदाचा नरकासुर.’

आणि त्याच्याखाली, ‘जावईबापू, तुमचं तर काल झालं होतं. आज पुन्हा केलंत का?’

बघ आता! हो म्हणावं, तर कालचं खोटं होतं हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि सासऱ्यांचंही उघडं पाडलं. नाही म्हणावं, तर आयुष्यात एकदाच केलेली पहाटेची अंघोळ पाण्यात, आणि हा पुन्हा नरकासुर. सासूबाईंना निळ्या खुणा दिसल्या असणार, आत्या ऑनलाइन, मामा ऑनलाइन. दादाच्या अंगाला अजून उटण्याचा वास येतोय, अंगठा स्क्रीनच्या वर थांबलाय, आणि तो माझ्याकडे बघतोय.

मला तर काही सुचलं नाही बाई. तू सांग, तू काय लिहिलं असतंस?