कवटीची चौकशी

तक्रार निवारण कार्यालयातले मुख्य कारकून पायमोजे काढत असताना त्यांच्या फोनवर नववीतल्या लेकीकडून एक लांबलचक मजकूर आला. मावसबहिणीशी झालेलं तिचं चॅट होतं. खाली एकच ओळ: "बाबा, वाच. मग बोलू."

लेक आतल्याच खोलीत होती. मध्ये फक्त पडदा. पण लेखी आलेल्या गोष्टीला तोंडी उत्तर देणं कारकुनांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

"गणितात मी कुक्ड आहे," लेकीने लिहिलं होतं.

"मी पण! आज सर पाठमोरे झाले नि फळाच खाली आला."

"मेले मी 💀💀"

"💀"

"डबा मी हल्ली जिन्याखाली एकटीच खाते."

"खरंच? कधीपासून?"

"जाऊ दे. वर्गातल्या त्या दोघींनी मला घोस्ट केलंय."

कारकुनांच्या हातातला पायमोजा गळून पडला. "अगं, पोरगी मेले म्हणतेय! वर कवट्या काढल्यात. भुतंही आहेत!"

"मग तिलाच विचारा की," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "पडद्यापलीकडे तर बसलीय."

"संबंधित व्यक्तीला आधी विचारलं की चौकशी बिघडते. बावीस वर्षं हेच करतोय मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयात चॅट छापून घेतलं आणि जे जे कळलं नाही, त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. जे कळलं, त्याची तपासणी करण्याचं कारणच नव्हतं. मग खिडकीवरच्या नव्या मुलीला बोलावणं गेलं.

"साहेब, कवटी म्हणजे हसून हसून मेले," ती म्हणाली. "वरची ओळ बघायची. फळा पडला, त्यावर आहे ना? मग ते हसूच. कुक्ड म्हणजे वाट लागली. परीक्षेआधी सगळेच लिहितात. आणि घोस्ट म्हणजे समोरच्याशी बोलणंच टाकायचं. तो तिथे नाहीच, असं वागायचं."

"म्हणजे बाधा वगैरे नाही?"

"छे हो!"

"मग हरकत नाही." कारकुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण साहेब, शब्दांवर जाऊ नका. थट्टेला थट्टेनं उत्तर आलंय, तिथे बहुतेक काही नसतं. समोरची एकदम थट्टा सोडून सरळ विचारायला लागली, की तिथे थांबायचं. इथे बघा, ही बहीण—"

"त्याखाली रेघ आहे का?"

"नाही."

"मग तो आपला विषय नाही."

चिंतेला आधार नसल्याचा निष्कर्ष निघाला. पण वरिष्ठांच्या घरीही एक मुलगा होता आणि तो कवट्या पाठवत होता. म्हणून शब्दार्थ समिती नेमली गेली. समितीत कवटी हसरी की गंभीर यावर मतदान झालं. कवटी एका मताने हसरी ठरली. दोन कवट्या असल्यास हसू दुप्पट धरावं की प्रकरण वरच्या कार्यालयाकडे पाठवावं, यासाठी उपसमिती बसली. तक्रारींची खिडकी दुपारनंतर पालकांसाठी राखून ठेवण्यात आली. रस्ता खचल्याची तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना, आधी नातवाचं चॅट आणा, असं सांगण्यात येऊ लागलं.

घरी लेक अधूनमधून पडद्याआडून विचारायची, "बाबा, वाचलंस का रे?"

"काम प्रगतिपथावर आहे."

"मग बोलू या?"

"अहवाल येऊ दे, बाळा."

ती "बरं" म्हणायची. पुढे पुढे तिनं विचारणंही सोडलं. लेकीची काळजी मिटली, अशी नोंद कारकुनांनी मनातल्या मनात केली.

कीर्ती पसरली. लेकीच्याच शाळेने त्यांना पालकांसमोर भाषणाला बोलावलं. 'मुलांची भाषा समजून घ्या' या विषयावर कारकून तासभर बोलले. "कवटीला भिऊ नका!" या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आईने डोळे पुसले. मुख्याध्यापकांनी पुष्पगुच्छ दिला. मधली सुट्टी झाली होती. गुच्छ सांभाळत कारकून एकटेच जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले.

जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे, ओळखीचे बूट दिसत होते. त्यांनीच घेऊन दिलेले. मांडीवर अर्धा खाल्लेला डबा. बाहेर मैदानात सगळी शाळा ओरडत होती.

"तू इथे काय करतेस?"

"डबा खातेय."

"एकटी?"

"लिहिलं होतं की, बाबा."

कारकुनांनी खिशातून तो कागद काढला. घडीवर घडी पडून तो मऊ झाला होता, लाल रेघांनी भरला होता. मधली ती ओळ मात्र स्वच्छ होती. तिच्यात एकही अवघड शब्द नव्हता.

गुच्छ बाकावर ठेवून ते वाकले आणि त्या धुळीत लेकीशेजारी बसले. तिनं डबा थोडा त्यांच्याकडे सरकवला.

आता कारकुनांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ती ओळ तुमच्याही डोळ्यांखालून गेली होती, अगदी सुरुवातीलाच, जशीच्या तशी. आणि खरं सांगा, तुम्हीही कवटीपाशीच हसत थांबला होतात ना?