अनसूयाबाईंचा राजीनामा

अनसूयाबाईंना कोरी जागा बघवत नसे. हजेरीपत्रकाच्या कडेला पोपट, रजेच्या अर्जावर बैलगाडी, आणि एकदा तर इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेरेबुकात वाळत घातलेल्या मिरच्यांचं अख्खं खळं. साहेबांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "नंदुरबार." दुसरं काय सांगणार?

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघीच. मी हेडमिस्ट्रेस, पुण्याकडून बदलून आलेली. त्या सहायक शिक्षिका, तापीकाठच्या पाटील घराण्यातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. वर्गात पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर अहिराणी. काही बोललं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "कागदले बी जीव ऱ्हास, मोठ्या बाई!" जीव कागदाला असेल, माझा मात्र खोडरबर चालवून जायचा.

एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. कायम नोकरी, पुढे पेन्शन, आणि बाई चित्रं काढायला निघाल्या! ट्रेनिंग घेताना लिहून दिलेली नोकरीची वर्षं कधीच भरली होती, त्यामुळे कायद्यानं त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. अडवलं ते त्यांच्याच हातानं. सरकारी अर्ज कसा लिहायचा? फुलस्केप उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्यात मजकूर, डावा अर्धा वरिष्ठांच्या शेऱ्यासाठी कोरा. बाईंनी डाव्या अर्ध्यात तळोद्याचा बाजार भरवला होता. शेरा काय बैलाच्या पाठीवर लिहू?

"दुसरा लिहा," मी म्हटलं.

दुसऱ्यात समास कोरा होता, पण मजकूर असा: 'बदली बाई मिळाल्यास राजीनामा मंजूर व्हावा.' मी समजावलं, राजीनाम्याला अट चालत नाही. महिनाभर आधी नोटीस द्यायची, कोणत्या तारखेपासून मोकळं करावं ते लिहायचं, आणि मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत रोज शाळेत यायचं. तो येण्याआधी मन बदललं तर अर्ज मागे घेता येतो, हेही मी जरा जोरातच सांगितलं.

तिसरा अर्ज बिनचूक होता. कारण: 'चित्रे काढण्यासाठी.' तो पुढे गेला आणि आठ दिवसांत परत आला. वरच्या ऑफिसचा शेरा होता: 'चित्रकलेच्या परीक्षेसाठी रजा हवी असल्यास रजेचा अर्ज करावा.' नोकरी सोडून कुणी चित्रं काढेल हे त्या बिचाऱ्यांच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

"प्रकृतीचं कारण लिहा हो. सगळे तेच लिहितात."

"मी आजारी नही शे. खोटं कशाले लिखू?"

चौथ्या अर्जात त्यांनी लिहिलं, 'रजा नको. नोकरी कायमची सोडायची आहे. चित्रे काढण्यासाठी.' तो मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पाठवलाच नाही. खरं सांगते, स्वार्थ होता. त्या गेल्यावर चार इयत्ता मी एकटीनं ओढायच्या, आणि डबा खाताना समोर कोणी नाही. मी थकले होते. थकलेलं माणूस दुसऱ्याला सोडायला तयार होत नाही.

पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर बाई आल्या. त्यांनी अर्जाचं विचारलं नाही. सुती दोऱ्यानं बांधलेला कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सोडला. मुलींचे चेहरे होते, नुसते पेन्सिलीचे. प्रत्येकाखाली नाव आणि इयत्ता. लग्न ठरलं, नाहीतर धाकटं भावंड सांभाळायला घरी बसवलं, म्हणून आम्ही पटावरून ज्यांची नावं कमी केली, त्या सगळ्या. मी तांबड्या शाईनं रेघ मारायची, आणि त्या घरी जाऊन चेहरा काढायच्या.

"रविवारी रंग भरा की," मी म्हटलं. "त्यासाठी नोकरी कशाला सोडायची?"

"सहा दिवस खडू धरीसन हात उचलस नही, बाई. वरीसले नव्या पोरी जातस, गठ्ठा वाढस. आनि मी भुली ऱ्हायनू." त्या खाली बसल्या. त्यांना इतकं दमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "चेहरा कागदवर शे. रंग मन्हा डोकामा व्हता, तो चालना. आते नही भरना ते मंग कोनी सांगाव नही." मुलींचे रंग त्या विसरत चालल्या होत्या.

त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. झमकू, इयत्ता तिसरी. दोन वर्षं माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसलेली पोर.

"हिना परकर हिरवा व्हता का जांभळा? तुमले तरी याद शे का?"

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मला आठवेना.

मी ड्रॉवर उघडला, अर्ज काढला आणि डाव्या बाजूला लिहिलं, 'राजीनामा विनाविलंब मंजूर व्हावा.' खाली सही केली.